मदत हवी आहे: रिक्रूटरनं सगळं व्हॉइस नोटमध्ये सांगितलंय, लेखी कसं मागू?

कागलचा_क्वालिटीवाला:
कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. पुण्यातल्या एका कंपनीचे दोन राउंड झाले. मध्ये एक कन्सल्टन्सी आहे. इंटरव्ह्यूचं बोलावणं कंपनीच्या एचआरच्या मेलवरून आलेलं, त्यानंतर मात्र सगळा कारभार व्हॉट्सॲपवर.

काल रात्री पावणेअकराला कन्सल्टन्सीच्या मॅडमची तीन मिनिटांची व्हॉइस नोट आली: "साडेसात फायनल झालंय, बायआउटचं कंपनी बघून घेईल, उद्या रिझाइन करा आणि मला स्क्रीनशॉट टाका." माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा, त्यांना जॉइनिंग ३० दिवसांत पाहिजे, म्हणजे उरलेल्या ३० दिवसांचे पैसे माझ्या आत्ताच्या कंपनीला भरून सुटायचं, तेच बायआउट. नोट सकाळी ऐकली. एवढ्या रात्री उत्तर द्यायला हवं होतं का? आता मीपण व्हॉइस नोटच पाठवू का? आणि मेलवर द्या म्हटलं तर त्यांना राग येईल का?

रंकाळ्याचा_पक्या:
ब्लू टिक बंद करून टाक भावा, ऐकलंस का नाही ते कळतच नाही. आणि व्हॉट्सॲपवर आलंय म्हणजे लेखीच झालं की. मेसेज स्टार करून ठेव, विषय संपला.

शिरोलीची_एचआर:
पक्या, ब्लू टिक बंद केली तरी व्हॉइस नोट ऐकल्याची खूण समोरच्याला दिसतेच. आणि स्टार केलेला मेसेजही त्यांनी 'सगळ्यांसाठी डिलीट' केला की तुझ्याकडूनही जातो. पाठवल्यापासून साधारण दोन दिवस त्यांना तशी मुभा असते.

आता मूळ प्रश्न. रात्री उत्तर दिलं नाही यात गैर काहीच नाही. आम्ही उशिरा मेसेज टाकतो, कारण प्लँटमधली माणसं दिवसा फोन उचलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकरापर्यंत उत्तर गेलं की पुरे. पण व्हॉइस नोटला व्हॉइस नोट नको, आकडे टाइप करा. तिकडून नुसतं "ओके" किंवा अंगठा आला तरी तुमच्या आकड्यांना त्यांचं उत्तर आल्यासारखं होतं.

खरी मेख वेगळीच आहे. कन्सल्टन्सी म्हणजे कंपनी नव्हे. बायआउटचं वचन मॅडमनी दिलंय, पैसे देणार कंपनी, आणि तिनं अजून तोंड उघडलेलं नाही. म्हणून इंटरव्ह्यूचा जो मेल आला होता, त्यालाच रिप्लाय करा आणि मॅडमना सीसीत ठेवा. त्यांना वगळून थेट एचआरला गाठलंत तर मात्र त्या दुखावतील, कारण त्यांची फी या जॉइनिंगवर असते. आधी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: "मॅडम, नोट ऐकली, आभार. मुद्दे मेलवर लिहून तुम्हालाही सीसी करतो." मेल असा:

"काल कन्सल्टन्सीकडून समजलेले मुद्दे खाली देत आहे. सीटीसी साडेसात लाख. यात फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती? नोटीस बायआउट कंपनी देणार. कमाल किती रक्कम, केव्हा आणि कोणत्या कागदावर? जॉइनिंग ३० दिवसांत. ऑफर लेटर मिळताच राजीनामा देऊन त्याची पोच पाठवतो."

शेवटचं वाक्य गाळू नका. मॅडमना धास्ती असते की उमेदवार ऐनवेळी पलटेल. त्यांना स्क्रीनशॉट मिळणार आहे, फक्त ऑफर लेटरनंतर.

उजळाईवाडी_७७:
माझ्या पुतण्याला टेलिग्रामवर नोकरी लागली म्हणून रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले. असल्यांना थेट ब्लॉक करा!

शिरोलीची_एचआर:
काका, ती फसवणूक. यांचे तर दोन राउंड झालेत. फक्त मेल कंपनीच्याच डोमेनवरून आलाय ना, @ च्या पुढची अक्षरं एकदा वाचून घ्या.

कागलचा_क्वालिटीवाला:
डोमेन कंपनीचंच आहे. मेल पाठवला. मॅडमचं लगेच उत्तर: "एवढं फॉर्मल कशाला 🙂". दुपारी एचआरचा मेल आला: फिक्स्ड ६.९०, व्हेरिएबल ०.६०. नोटमध्ये व्हेरिएबलचं नावही नव्हतं. बायआउटचे पैसे जॉइनिंगनंतर पगारासोबत मिळणार, आधीच्या कंपनीचं फुल अँड फायनल दाखवल्यावर, आणि वर्षाच्या आत सोडलं तर वसुली. ऑफर लेटर "दोन दिवसांत".

रंकाळ्याचा_पक्या:
म्हणजे ३० दिवसांचे पैसे आधी तूच भरायचे की!

शिरोलीची_एचआर:
बरोबर, आणि तुमची कंपनी ते बेसिकवर कापते की ग्रॉसवर, हे तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये असेल. दोन्हींत बराच फरक पडतो. कमाल रकमेचं मेलमध्ये काही आलंय का?

कागलचा_क्वालिटीवाला:
नाही, तेवढंच राहिलंय. त्याच मेलला परत विचारतो. अपॉइंटमेंट लेटर घरी आहे, आज सेकंड शिफ्ट आहे, उद्या बघून टाकतो.