मदत हवी आहे: द्राक्षाच्या व्हिडिओंतल्या स्लाइडची शीर्षकं आणि औषधांची नावं शोधता यावीत म्हणून काय करू?

वेलीवरचा

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटाकडे द्राक्षावरच्या ऑनलाइन चर्चासत्रांची सव्वादोनशेच्या आसपास रेकॉर्डिंगं साठली आहेत, एकेक तास-दीड तासाचं. डावीकडे स्लाइड, उजवीकडे छोट्या चौकटीत बोलणारे तज्ज्ञ. गटावर रोज कुणीतरी विचारतं, "भुरी रोगावर बोलले होते तो भाग कुठला?" नाहीतर "0:52:34 खत कधी सोडायचं ते कुठल्या व्हिडिओत आहे?" नाव टाकलं की व्हिडिओ आणि मिनिट समोर यावं, एवढंच मला हवं आहे.

सध्या दर सेकंदाला एक फ्रेम काढतो, अख्खी फ्रेम टेसरॅक्टला देतो (भाषा `mar+eng`) आणि येईल तो मजकूर एसक्यूलाइटच्या FTS5 टेबलात टाकतो. अडचणी अशा:

एकच स्लाइड शंभर-शंभर वेळा येते. शीर्षक कुठलं आणि कोपऱ्यातलं गटाचं नाव कुठलं, काही कळत नाही. `0:52:34` शोधलं तर `no such column: 0` असा एरर. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे "भुरी" शोधलं की "भारी जमीन" वाल्या स्लाइड येतात! शिवाय काही तज्ज्ञ औषधाची पिशवी कॅमेऱ्यासमोर धरतात, तिच्यावरचं तर काहीच वाचलं जात नाही.

लॅपटॉप साधा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही.

निशिगंध७

एवढा खटाटोप कशाला? ऑडिओचं ट्रान्सक्रिप्ट काढा आणि त्यात शोधा. आवाजावरून मराठी मजकूर आता बऱ्यापैकी निघतो. माझ्या मामांच्या कीर्तनांचं मी तसंच केलंय.

वेलीवरचा

ते आधी करून बघितलं, ताई. अडचण अशी की बोलणारे नाव घेतातच असं नाही. "हे जे दुसऱ्या ओळीत दिसतंय ना, ते पोंगा अवस्थेत घ्यायचं नाही" असं म्हणतात आणि पुढे जातात. नाव फक्त पडद्यावर असतं. आणि 0:52:34 ला कुणी "झिरो बावन्न" म्हणतं, कुणी "शून्य बावन्न चौतीस".

कोडगिरी

दर सेकंदाला फ्रेम काढूच नका. ffmpeg मध्ये सीन बदलला की फ्रेम काढायची सोय आहे. 0.4 ठेवा, काम फत्ते.

```
ffmpeg -i bhag12.mp4 -vf "select='gt(scene,0.4)'" -vsync vfr s_%04d.png
```

पडद्यामागचा

कोडगिरी, दिशा बरोबर आहे, पण तो आकडा सिनेमातल्या कटसाठी ठीक. स्लाइडला तो चालत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवरची एक स्लाइड जाऊन त्याच साच्यातली दुसरी आली, तर बदलतात ती फक्त अक्षरं, म्हणजे चित्राचा छोटासा भाग. स्कोअर 0.4 च्या जवळपासही जात नाही. स्लाइड हळूहळू विरत बदलत असेल तर आणखी वाईट, कारण तो बदल दहा-वीस फ्रेममध्ये वाटला जातो आणि प्रत्येक फ्रेमचा स्कोअर नगण्य राहतो. हा आकडा ठेवलात तर तासाभराच्या व्हिडिओतून मोजक्याच फ्रेम निघतील आणि त्याही बहुतेक स्लाइड बंद करून माणूस पूर्ण पडद्यावर आला तेव्हाच्या.

वेलीवरचा, तुमचा व्हिडिओ 1280×720 आणि स्लाइड डावीकडे 960 रुंदीत आहे असं धरतो. मी असं करेन:

```
ffmpeg -i bhag12.mp4 -vf "fps=1/2,crop=960:720:0:0" f_%05d.png
```

दर दोन सेकंदांनी एक फ्रेम, माणसाची चौकट कापून. (हलणारं डोकं गेलं की निम्मे खोटे बदल तिथेच जातात.) मग प्रत्येक फ्रेम लहान आणि करडी करून आधीच्या फ्रेमशी ताडून बघा. फरक उंबरठ्याच्या आत असेल तर स्लाइड तीच. उंबरठा किती, ते तुमच्याच एका व्हिडिओवर डोळ्यांनी बघून ठरवा, कारण तो स्लाइडच्या साच्यावर अवलंबून असतो.

आता महत्त्वाचं. एका स्लाइडच्या फ्रेमांमधून पहिली घेऊ नका, शेवटची घ्या. कारणं दोन. ऑनलाइन बैठकीत स्लाइड बदलल्यावर चित्र सुरुवातीला पुसट असतं आणि एक-दोन सेकंदांत स्वच्छ होतं. दुसरं म्हणजे मुद्दे एकेक करून येणाऱ्या स्लाइडवर पहिल्या फ्रेममध्ये नुसतं शीर्षक असतं, औषधाचं नाव खाली नंतर उमटतं. मजकूर शेवटच्या फ्रेममधला, पण वेळ मात्र पहिल्या फ्रेमची नोंदवा, कारण ऐकणाऱ्याला विषयाची सुरुवात हवी असते. समजा `f_00412` ही पहिली फ्रेम असेल तर वेळ 411 × 2 = 822 सेकंद, म्हणजे 13:42. सेकंदभर इकडेतिकडे होईल, त्याने काही बिघडत नाही.

वेलीवरचा

हे पटलं. पण शीर्षक ओळखायचं कसं? काही स्लाइडवर ते मध्ये आहे, काहींवर डावीकडे.

पडद्यामागचा

टेसरॅक्टकडून नुसता मजकूर न घेता `tsv` घ्या:

```
tesseract f_00437.png stdout -l mar+eng --psm 11 tsv
```

यात प्रत्येक शब्दाची जागा, उंची आणि खात्रीचा आकडा मिळतो. वरच्या पाव भागातली सगळ्यात उंच ओळ म्हणजे बहुतेक वेळा शीर्षक. मात्र उंची एका शब्दावरून ठरवू नका. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असला की शब्दाची चौकट उगाच उंच होते. "भुरी" आणि "पान" एकाच टायपात असले तरी "भुरी" उंच भरतो. ओळीतल्या शब्दांच्या उंचीचा मध्यक घ्या. मग ती पट्टी कापून, दुप्पट मोठी करून `--psm 6` ने पुन्हा वाचा. अक्षराची उंची तीसेक पिक्सेल असली की टेसरॅक्ट खूश असतो. खालचे मुद्दे 720 च्या व्हिडिओत जेमतेम पंधरा-सोळा पिक्सेलचे असतात, म्हणून तिथे तो अडखळतो. गडद हिरव्या पट्टीवर पांढरं शीर्षक असेल तर रंग उलटे करून द्या.

गटाचं नाव आणि लोगो प्रत्येक स्लाइडवर त्याच जागी येतात. एकाच जागी, तोच मजकूर, जवळजवळ सगळ्या स्लाइडवर असेल तर तो सरळ गाळा.

मास्तरीणबाई

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडे फळ्यावर खडूने लिहिलेल्या तासांचे व्हिडिओ आहेत. त्यांना हे चालेल का? निदान धड्यांची नावं तरी शोधता आली असती.

पडद्यामागचा

बाई, खडूच्या हस्ताक्षरावर टेसरॅक्टकडून आशा ठेवू नका, तो छापील अक्षरांसाठी आहे. तुमच्याकडे धड्यांची यादी असेल तर फळा पूर्ण पुसला जातो त्या क्षणाच्या वेळा काढा आणि नावं हाताने जोडा. ते लवकर होईल.

वेलीवरचा, आता "भुरी"चं. टेसरॅक्टने बरोबरच वाचलं आहे, गोची FTS5 मध्ये आहे. त्याचा `unicode61` हा नेहमीचा टोकनायझर फक्त अक्षरं आणि अंक यांना शब्दाचा भाग मानतो. आपल्या काना, वेलांटी, उकार त्याच्या लेखी शब्द तोडणाऱ्या खुणा. म्हणून "भुरी"चे "भ" आणि "र" असे दोन तुकडे होतात. "भारी"चेही तेच. दोन्ही त्याला सारखेच! टेबल असं बनवा:

```
CREATE VIRTUAL TABLE slides USING fts5(
  title, body, video UNINDEXED, sec UNINDEXED,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'"
);
```

जुन्या टेबलात हे बदलता येत नाही, नवीन करून मजकूर पुन्हा भरावा लागेल. फ्रेम पुन्हा वाचायची गरज नाही.

0:52:34 चा एररही तिथलाच. शोधात विसर्ग-चिन्हासारखा तो `:` आला की त्याच्या आधीचं त्याला कॉलमचं नाव वाटतं. दुहेरी अवतरणात `"0:52:34"` असं द्या, मग 0, 52, 34 लागोपाठ शोधले जातील.

कोडगिरी

मात्रांचं माहीत नव्हतं, भारीच. नावांसाठी मात्र फझी मॅच लावा, ७० टक्के जुळलं की घ्या. वाचनातल्या चुका आपोआप पोटात जातील.

पडद्यामागचा

औषधांत ७० टक्के धोक्याचं आहे. Penconazole आणि Hexaconazole घ्या. दोन्ही भुरीच्याच स्लाइडवर भेटतात. शेवटचं `conazole` सारखं, फरक फक्त तीन अक्षरांचा, म्हणजे ७५ टक्के जुळणी. तुमच्या नियमाने एकाच्या जागी दुसरं जाईल आणि शेतकरी भलत्याच मिनिटाला पोचेल. आधी नावांची यादी करा आणि यादीतल्या दोन नावांमधलं सगळ्यात कमी अंतर किती आहे ते बघा. चुकीची मुभा त्याच्या निम्म्याहून कमी ठेवा. इथे अंतर तीन, म्हणून मुभा एका अक्षराची.

खतांच्या ग्रेडला वेगळा नियम. तीन आकडे, मध्ये `:` किंवा `.` किंवा `;`, असा साचा पकडा. त्या साच्यातच O चा 0 आणि l चा 1 करा, बाहेर नको. देवनागरी अंक इंग्रजी करा, तेच शोधणाऱ्याच्या शब्दांनाही करा. मग ते 0:52:34, 13:0:45, 12:61:0, 19:19:19 अशा यादीत आहे का तपासा. यादीत नसेल तर टाकून द्या, नाहीतर कोपऱ्यातलं घड्याळ आणि तारखाही खत म्हणून नोंदल्या जातील.

वेलीवरचा

एका व्हिडिओवर करून बघितलं. "भुरी" टाकल्यावर भुरीच येते! शीर्षकं बहुतेक बरोबर आहेत. एका ठिकाणी मात्र "प्रश्नोत्तरे" ही पाटी शीर्षक म्हणून सतत येत राहते आणि त्या वेळात मागे कुठलीच स्लाइड नसते. ती मी वगळलेल्यांच्या यादीत टाकली. पिशव्यांचं काय करू?

निशिगंध७

आता कळलं प्रश्न काय होता ते 🙂 पण मग दोन्ही जोडा ना! "प्रश्नोत्तरे" चालू असताना पडद्यावर काहीच नसतं, तिथे ट्रान्सक्रिप्टच कामाला येईल.

पडद्यामागचा

निशिगंधताई, हे बरोबर. त्याचं टेबल वेगळं ठेवा, म्हणजे निकालात "पडद्यावर" आणि "बोलण्यात" असं वेगळं दाखवता येईल.

पिशव्यांवर टेसरॅक्ट चालणार नाही. पिशवी वाकडी, हात हलतो, अक्षरं नक्षीदार. आधी मजकूर कुठे आहे ते शोधून मग वाचणारं काहीतरी लागेल. ईझीओसीआरमध्ये मराठी आहे, पॅडलओसीआरही बघा. साध्या लॅपटॉपवर दोन्ही हळू चालतील, म्हणून सगळ्या फ्रेमांवर लावू नका. माणूस पूर्ण पडद्यावर आहे तेवढ्याच फ्रेम द्या, तिथे दर अर्ध्या सेकंदाला एक घ्या, आणि तीन-चार फ्रेमांत तेच नाव आलं तरच धरा. तरीही कंपनीचं नाव येईल आणि औषधाचं बारीक अक्षरातलं नाव राहील, असं मला वाटतं. ते 720 च्या चित्रात मुळातच उमटलेलं नसतं.

कोडगिरी

किंवा पिशवीचा रंग आणि चित्र ओळखायला शिकवायचं? एकाच कंपनीच्या दहा पिशव्या सारख्याच दिसतात म्हणा.

वेलीवरचा

आमच्याकडे नेमकं तेच आहे, एकाच कंपनीच्या पिशव्या आणि फरक फक्त ग्रेडच्या आकड्यांत. ईझीओसीआर रात्री लावून ठेवतो. कुणी हातातल्या पिशवीवरून ग्रेड वाचायला जमवलं असेल तर इथे नक्की लिहा.