मदत हवी आहे: मेश दुरुस्त करायला गेले आणि नॉन-मॅनिफोल्ड कडा 14 वरून 188 झाल्या

शलाका

ब्लेंडरमध्ये एक घुबड केलंय, उंची 80 मिमी. अर्धंच शिल्प केलं, Bisect ने मधोमध कापलं (Fill चालू होतं), मग त्याची प्रत काढून एडिट मोडमध्ये S, X, -1 करून दुसरी बाजू तयार केली. मूळ फाइल हरवली आहे, हाताशी फक्त STL उरली आहे.

पहिल्यांदा स्लायसरमध्ये टाकलं तेव्हा उजवा अर्धा भाग प्रिव्ह्यूत गायबच होता. ब्लेंडरमध्ये Face Orientation लावून पाहिलं तर डावी बाजू निळी, उजवी लाल. तेव्हा Select Non Manifold केलं तर 14 कडा निवडल्या जात होत्या. दोन अर्धे नीट जोडलेले नसतील असं वाटून सगळं निवडून Merge by Distance केलं, मग Shift+N. आता त्याच तपासणीत 188 कडा येतात. प्रिव्ह्यूत दोन्ही बाजू दिसतात, पण घुबडाच्या पोटात मधोमध एक उभी भिंत येते आणि मानेजवळच्या काही थरांत अर्धा भाग परत नाहीसा होतो.

Select > All by Trait > Interior Faces ही करून पाहिलं. एकही फेस निवडला जात नाही. मी नेमकं काय बिघडवलं?

खटपट्या

एवढं खोलात जायची गरज नाही. Remesh मॉडिफायर लावा, Voxel निवडा, आकार 0.5 मिमी द्या. अख्खं मेश नव्याने विणलं जातं, नॉन-मॅनिफोल्ड काही उरत नाही. मी सगळ्या मॉडेलना हेच करतो.

शलाका

केलं होतं. पिसांच्या रेघा जेमतेम 0.4 मिमी रुंद आहेत, त्या पुसल्या गेल्या. 0.1 वर नेलं तर संगणक अडकतो.

तारकर्मी

रीमेश राहू द्या. ते आधी दुरुस्त झालेल्या मेशवर ठीक असतं. भोकं असलेल्या मेशमध्ये आत कुठलं आणि बाहेर कुठलं हेच ठरत नाही, त्यामुळे निकालाचा भरवसा नसतो.

तुम्ही काही बिघडवलेलं नाही. दोष आधीपासून होता, जोडल्यावर तो दिसू लागला. Bisect मध्ये Fill चालू असल्यामुळे कापलेल्या जागी एक सपाट भिंत तयार झाली. प्रत काढल्यावर अशा दोन भिंती एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. तोवर प्रत्येक अर्धा आपापल्या परीने बंद होता, म्हणून शिवणीवर तक्रार नव्हती. Merge ने दोन्ही भिंतींचे बिंदू एक झाले, दोन भिंतींची एक झाली, आणि शिवणीच्या प्रत्येक कडेला तीन फेस आले: डावं अंग, उजवं अंग आणि भिंत. छपाईच्या मेशमध्ये एका कडेला दोनच फेस हवेत.

मानेजवळचे थर का जातात तेही यातूनच कळतं. स्लायसर प्रत्येक उंचीवर मेश कापतो आणि मिळालेले रेषेचे तुकडे टोकाला टोक जोडत बंद वेढा पुरा करतो. शिवणीवर त्याला तिठा लागतो. कुठल्या थरात तो बाहेरून वळतो, कुठल्या थरात भिंतीवरून परत फिरतो. भिंतीवरून फिरला की अर्धा भाग गेलाच.

Interior Faces रिकामं येतं कारण ज्या फेसच्या *सगळ्या* कडांना दोनपेक्षा जास्त फेस आहेत तेच ते निवडतं. तुमची भिंत मुळात एकच मोठा बहुकोन होती, तेव्हा सापडली असती. STL मध्ये तिचे त्रिकोण झाले आणि त्रिकोणांमधल्या कडांना दोनच फेस आहेत.

आता एक करा. एज मोडमध्ये Select Non Manifold करा आणि खाली डावीकडे उघडणाऱ्या पट्टीत Multiple Faces ची खूण काढा. किती कडा उरतात ते इथे सांगा.

शलाका

14 उरल्या. दोन्ही पंखांखाली सात-सात कडांचं एकेक भोक आहे. अर्ध्यातच होतं, म्हणून दोन्हीकडे आलं.

तारकर्मी

म्हणजे 174 कडा भिंतीच्या आणि 14 भोकांच्या. आता क्रम महत्त्वाचा: आधी भिंत, मग नॉर्मल, शेवटी भोकं. Shift+N तीन फेसच्या कडेपाशी येऊन थांबतं, पलीकडे जात नाही. भिंत असताना ते डावं अंग, उजवं अंग आणि भिंत वेगवेगळे तुकडे समजतं. एकेका तुकड्याबद्दल त्याचा अंदाज चुकू शकतो.

फेस मोडमध्ये या, समोरून दृश्य घ्या, Alt+Z ने एक्स-रे लावा आणि मधल्या रेषेवर अगदी अरुंद चौकट ओढा. एक्स-रेमध्ये चौकटीत फेसचा मध्यबिंदू आला तरच तो निवडला जातो. भिंतीच्या फेसचे मध्यबिंदू बरोबर रेषेवर असतात, अंगाच्या फेसचे बाजूला. मग X > Faces. Only Faces नको, त्याने भिंतीच्या कडा तारांसारख्या लोंबत राहतात आणि त्या पुन्हा नॉन-मॅनिफोल्ड मोजल्या जातात.

ओंजळ

माझ्या फुलदाणीलाही भोक आहे असंच स्लायसर सांगतो. Fill Holes केलं तर तोंडच बंद झालं! मग फुलं ठेवायची कुठे?

तारकर्मी

ओंजळ, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमच्या फुलदाणीला जाडीच नसावी, ती नुसता कागद आहे. अशा वेळी तोंडाच्या काठावरच्या कडांना एकच फेस असतो, म्हणून काठ भोक म्हणून मोजला जातो. Solidify मॉडिफायरने भिंतीला 1.2 मिमी जाडी द्या. आतला आणि बाहेरचा पृष्ठभाग काठाशी जोडला जाईल, तोंड उघडं राहील आणि तरी मेश बंद असेल.

शलाका

भिंत काढली. चौकटीत चोचीजवळचे दोन फेस चुकून आले होते, ते Ctrl धरून चौकट ओढून वगळले. मग Shift+N. सगळं निळं! नॉन-मॅनिफोल्ड आता फक्त 14.

भोकं F ने भरली तर पंखाखाली सुरकुती पडते आहे.

तारकर्मी

F एकच सात कोनांचा फेस बनवतं. काठ वळलेला असेल तर तो सपाट बसत नाही आणि निर्यात करताना त्याचे त्रिकोण कसेही पडतात. तो फेस काढा, काठावर Alt+क्लिक करून वेढा निवडा आणि Alt+F द्या. पाच त्रिकोण येतील. तरी खड्डा वाटला तर दोन-तीन बिंदू हाताने बाहेर ओढा. दुसऱ्या बाजूलाही तेच करा.

शलाका

0 कडा! स्लायसरची तक्रार गेली, मानेचे सगळे थर पूर्ण आले, पोटातली भिंतही नाही. तारकर्मी, खूप आभार, चार संध्याकाळी यात गेल्या होत्या.

एकच राहिलं. चोच वेगळा बंद तुकडा आहे, डोक्यात 2 मिमी रुतलेली. तपासणीत ती येत नाही. तशीच ठेवू का?

खटपट्या

Boolean > Union केल्याशिवाय छापू नका. एकात एक शिरलेले तुकडे म्हणजे आत परत भिंत.

तारकर्मी

मी तशीच ठेवेन. दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे बंद आहेत आणि नॉर्मल बाहेर आहेत, तर स्लायसर थरागणिक त्यांचा एकच आकार करतो. इतक्या दाट पिसांवर बूलियन चालवलं तर सांध्याशी सुईसारखे त्रिकोण येतात, आणि पुन्हा नॉन-मॅनिफोल्डच्या मागे लागावं लागतं. मात्र चोच लाल असेल तर ती डोक्यात खड्डा पाडेल, तेवढं बघा.

खटपट्या

माझ्या एका छपाईत असाच रुतलेला कान पोकळ आला होता. नॉर्मल उलटे होते की नाही ते तेव्हा पाहिलं नव्हतं. फाइल सापडली तर इथे टाकतो.

शलाका

चोच निळी आहे. आज रात्री नुसतं डोकं छापून बघते, मग सांगते.