विषय: गणेशोत्सवाची तिकिटं माउसशिवाय निघत नाहीत

मंडळींनो, नमस्कार.

मला आता काही दिसत नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. संगणकावर एनव्हीडीए मला सगळं वाचून दाखवतो आणि मी फक्त कीबोर्ड वापरतो. काल महाप्रसादाची तिकिटं काढायला बसलो. पोस्टरपाशी `ganesh-final-3.jpg` एवढंच ऐकू आलं. तारीख नाही, हॉलचा पत्ता नाही. टॅब दाबत पानाच्या तळापर्यंत गेलो, पण "तिकीट घ्या" हे बटण काही लागलं नाही. सून म्हणते, बटण चांगलं मोठं आहे, मधोमध आहे.
— एक जुना सभासद

काका, तुम्ही कशाला त्रास घेता? मला फोन करा, मी काढून देतो. बाकीच्यांसाठी सांगतो, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की अक्षरं मोठी होतात.
— कोषाध्यक्ष

अक्षरं कितीही मोठी केली तरी मला उपयोग नाही रे. आणि फोन गेल्या वर्षी केलाच होता. माझं तिकीट मला काढायचं आहे.
— तोच सभासद

काका, चूक माझी आहे. बटण `div` वापरून केलंय, म्हणून टॅब तिथे थांबत नाही. आज रात्री त्याला `tabindex="0"` देतो, म्हणजे झालं.
— वेबसाइट समिती

दादा, एवढ्याने अर्धंच काम होईल. मी पाने तपासण्याचंच काम करते, म्हणून सांगते. `tabindex` दिल्यावर टॅब तिथे थांबेल, पण नुसत्या कीबोर्डाने एंटर दाबला तर काहीच होणार नाही, कारण `div`ला एंटर किंवा स्पेस कळत नाही. एनव्हीडीएही त्याला "बटण" म्हणणार नाही. सरळ खरं बटण ठेवा, या सगळ्या गोष्टी ब्राउझर आपणहून करतो:

```html
<button type="button" onclick="openForm()">तिकीट घ्या</button>
```

मीही काल माउस बाजूला ठेवून पान चालवून पाहिलं. चौथ्या टॅबनंतर आपण कुठे आहोत तेच दिसेना. `style.css`मध्ये कुणीतरी `outline: none` लिहिलंय, त्यामुळे निवडलेल्या दुव्याभोवतीची चौकट गेली. ती ओळ काढून हे घाला:

```css
:focus-visible { outline: 3px solid #A84300; outline-offset: 2px; }
```

पोस्टरवर टिचकी मारली की ते मोठं होतं, म्हणजे तो दुवा आहे. त्याला वर्णन दिलेलं नाही, म्हणून एनव्हीडीएने फाइलचं नाव वाचलं. पण तारीख, वेळ, पत्ता, दर हे सगळं `alt`मध्ये कोंबू नका. तो मजकूर पोस्टरखाली साध्या अक्षरांत लिहा आणि `alt="गणेशोत्सवाचं पोस्टर मोठं करून पाहा"` एवढंच ठेवा. पत्ता मग कुणालाही नकाशात चिकटवता येईल. वरच्या फुलांच्या नक्षीला मात्र `alt=""` द्या, म्हणजे एनव्हीडीए ती गाळून पुढे जाईल.
— एक सभासद

बरं झालं विषय निघाला. माझा हात थरथरतो, माउसचा बाण नेमक्या जागी ठरत नाही. मला दिसतं, पण मीही टॅबनेच फिरते आणि मध्येच हरवते. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. शिवाय भगव्यावरची ती पांढरी अक्षरं खिडकीशी बसलं की वाचताच येत नाहीत.
— वसंत वर्गाच्या काकू

भगवा मंडळाचा रंग आहे, तो बदलणार नाही. कार्यकारिणीत ठरलेलं आहे.
— सचिव

सचिवसाहेब, भगवा राहू द्या, अक्षरं बदला. आपला भगवा `#FF9933` आहे. त्यावर पांढरी अक्षरं घातली की अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं प्रमाण 2.1 भरतं, साध्या आकाराच्या मजकुराला निदान 4.5 लागतं, ठळक मोठ्या मथळ्याला 3 चालतं. म्हणजे इथे मथळाही नापास. त्याच भगव्यावर काळी अक्षरं घातली तर प्रमाण 9.9 होतं. पांढऱ्या पानावर भगव्या अक्षरांचे दुवे आहेत, तिथे तेवढा गडद `#A84300` घ्या, प्रमाण 6 होतं आणि डोळ्याला तो आपल्याच घरातला वाटतो.
— तीच सभासद

काळ्या अक्षरांना हरकत नाही. नमुना पाठवा.
— सचिव

बटण, चौकट, पोस्टर, तिन्ही बदललं. काका, पाहता का? पैसे भरायची चौकट मात्र बाहेरच्या कंपनीची आहे, तिच्या आतलं मला बदलता येत नाही. आणि गेल्या वर्षीचे दोनशे फोटो आहेत, त्यांची वर्णनं कोण लिहिणार?
— वेबसाइट समिती

बटण सापडलं, एंटरने अर्जही उघडला. हॉलचा पत्ता ऐकला, पार्किंग मागच्या बाजूला आहे हेही आज पहिल्यांदा कळलं. कार्डाच्या चौकटीत "एडिट, रिकामं" असं तीनदा ऐकू आलं. कुठे नंबर, कुठे महिना, ते कळेना. तिथे सुनेला हाक मारली.

फोटोंचं म्हणाल तर सगळे नकोत. ढोलपथकाचे जे सात-आठ आहेत, त्यांत कोण कुठे उभं आहे तेवढं कुणीतरी लिहा. माझी नात त्यात आहे.
— तोच सभासद

ढोलपथकाचे मी लिहिते, काका. नात डावीकडून तिसरी ना?
— वसंत वर्गाच्या काकू