अंबड एमआयडीसी: एजीव्ही रोज खांब ७ पाशीच थांबते, रोमिंगसाठी कोणता अ‍ॅक्सेस पॉइंट घ्यावा?

मेंटेनन्स_अंबड:
नमस्कार मंडळी. आमचं अंबडला गाड्यांच्या सुट्या भागांचं युनिट आहे. ११० मीटर लांब शेडमध्ये दोन एजीव्ही स्टोअरपासून असेंब्लीपर्यंत ट्रॉल्या ओढतात. वर तीन अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत. गाडीवर वायफाय क्लायंट, त्याच्या मागे छोटा स्विच, त्यावर रिमोट आयओ आणि ऑपरेटर पॅनेल. पीएलसी पॅनेल रूममध्ये आहे, प्रोफिनेटवर.

दर शिफ्टला तीन-चार वेळा गाडी खांब ७ आणि ८ च्या मध्ये थांबते. पॅनेलवर कम्युनिकेशन फॉल्ट येतो, ऑपरेटर रिसेट करतो, गाडी पुढे जाते. वेंडर म्हणतो तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंट बदला. कोटेशन आलंय, सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचंय. कोणती कंपनी घ्यावी?

सातपूर_वायरमन:
भाऊ, अ‍ॅक्सेस पॉइंटची पॉवर फुल करून बघा. आमच्या ऑफिसात तेवढ्यानेच काम झालं.

सिडको_नेटवर्क:
मोबाइल ऑपरेटरच्या पॅनेलचं रोमिंग असेल तर इंडस्ट्रियल 4G राउटर लावा, दोन सिमवाला. एका कंपनीची रेंज गेली की दुसरी घेतो.

मेंटेनन्स_अंबड:
नाही दादा, सिमचा संबंध नाही. ऑपरेटर म्हणजे आमचा गाडीवरचा माणूस, आणि पॅनेल त्याच्या हातातलं. रोमिंग म्हणजे गाडी एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाते ते.

@सातपूर_वायरमन, पॉवर आधीपासून फुलच आहे.

कमिशनिंग_ताई:
कोटेशन दोन दिवस बाजूला ठेवा. कोणता अ‍ॅक्सेस पॉइंट कधी सोडायचा हे गाडीवरचा क्लायंट ठरवतो. वरचे तिन्ही बदललेत आणि क्लायंट तसाच राहिला, तर गाडी खांब ७ पाशीच थांबेल.

पॉवर फुल असल्याने तर जास्त बिघडतं. गाडीला लांबचा अ‍ॅक्सेस पॉइंट छान ऐकू येतो म्हणून ती त्यालाच चिकटून राहते. गाडीचा आवाज मात्र तिकडे नीट पोचत नाही.

आधी मोजा. लॅपटॉप पीएलसीच्याच स्विचला केबलने जोडा, वायफायवरून नको. लिनक्स असेल तर गाडीच्या रिमोट आयओला हे चालवा (पत्ता तुमचा घाला):

```
sudo ping -D -O -i 0.02 192.168.10.41
```

दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट जातं. खांब ७ ओलांडताना `no answer yet` अशा किती ओळी येतात ते मोजा आणि २० ने गुणा. सोबत तीन गोष्टी सांगा: क्लायंटच्या सेटिंगमध्ये कोणते चॅनेल टिक आहेत, पासवर्ड साधा आहे की सर्व्हरवरून लॉगिन होतं, आणि प्रोफिनेटचा अपडेट टाइम किती आहे.

पीएलसी_सिन्नर:
ताई, एवढ्या मोजमापाची गरज नाही. 802.11r चालू करा, रोमिंग ५० मिलिसेकंदांच्या आत येतं. आमच्या सिन्नरच्या प्लांटला तेवढंच केलं होतं.

कमिशनिंग_ताई:
तुमच्याकडे रेडियस सर्व्हरवरून लॉगिन असणार. तिथे प्रत्येक उडीला सर्व्हरपर्यंत जाऊन यावं लागतं, तो वेळ 802.11r वाचवतं. पासवर्ड साधा असेल तर ती देवाणघेवाण मुळातच थोडक्यात होते. शिवाय नवा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधण्यात जाणारा वेळ 802.11r ने कमी होत नाही.

मेंटेनन्स_अंबड:
मोजलं. दहा फेऱ्या मारल्या. चार फेऱ्यांत सलग ८८ ते ९३ पॅकेट हरवली, म्हणजे जवळपास १.८ सेकंद. बाकी फेऱ्यांत गाडी आधीच दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर गेली होती.

पासवर्ड साधा, WPA2. क्लायंटमध्ये चॅनेल `All`. अपडेट टाइम १६ मिलिसेकंद, तीन सायकल चुकल्या की फॉल्ट. अजून एक दिसलं: खांब ७ पाशी पावडर कोटिंगचं ओव्हन आहे. त्याच्या आडोशाला गाडी गेली की पहिल्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा सिग्नल उणे ६१ वरून एकदम उणे ८२ वर पडतो.

कमिशनिंग_ताई:
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ हे पंधरा-सोळा चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. तिथे क्लायंट स्वतःहून हाक मारू शकत नाही, अ‍ॅक्सेस पॉइंटचा बीकन येईपर्यंत गप्प ऐकत बसतो. बीकन साधारण १०० मिलिसेकंदांनी एकदा येतो. सोळा चॅनेल गुणिले ११० धरा: १.७६ सेकंद. तुमचे १.८ सेकंद बहुतेक तिथेच जातायत. ओव्हनपर्यंत सिग्नल चांगला असतो म्हणून क्लायंट शोधायला लागतच नाही, आणि शोधायला लागतो तेव्हा हातातली लिंक गेलेली असते.

असं करा. अ‍ॅक्सेस पॉइंटचे चॅनेल ऑटोवरून काढून ३६, ४४ आणि १४९ असे पक्के करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. क्लायंटच्या यादीत हे तीनच ठेवा. रोमिंग थ्रेशोल्ड उणे ५८ करा, म्हणजे ओव्हनच्या आधीच तो शोधायला लागेल. नवा सिग्नल निदान ८ डीबी सरस असेल तरच उडी मारू दे, नाहीतर दोघांच्या मध्ये झोके घेत बसेल. वरची पॉवर क्लायंटच्या पॉवरएवढी आणा.

दिंडोरी_वेअरहाउस:
चॅनेल पक्के करण्याला माझं अनुमोदन. आमच्या गोदामात फोर्कलिफ्टवर टॅब्लेट आहेत. अ‍ॅक्सेस पॉइंट चॅनेल १०० वर होता. रडार सापडलं असं लॉगमध्ये लिहून तो चॅनेल सोडायचा, परत यायला मिनिटभर ऐकत बसायचा. रडार खरंच ओझरच्या विमानतळाचं होतं की चुकीची ओळख, ते कळलं नाही. ३६ वर आणल्यापासून शांत आहे.

मेंटेनन्स_अंबड:
ताई, बदल केले. आता खांब ७ ला चार-पाचच पॅकेट हरवतात. पण फॉल्ट अजून येतोच!

कमिशनिंग_ताई:
येणारच. १६ गुणिले ३ म्हणजे ४८ मिलिसेकंद, आणि तुमची उडी ८० ते १०० ची आहे. अपडेट टाइम ६४ करा, मग १९२ मिलिसेकंदांची सवड मिळेल. पण त्याआधी मला सांगा: पुढचा लेझर स्कॅनर आणि इमर्जन्सी स्टॉप गाडीवरच सेफ्टी रिलेला वायरने आहेत की वायफायवरून पीएलसीला जातात?

मेंटेनन्स_अंबड:
दोन्ही गाडीवरच वायरने आहेत. वायफायवरून फक्त कुठे जायचं आणि ट्रॉली सुटली का एवढंच येतं. वेग १ मीटर प्रतिसेकंद.

कमिशनिंग_ताई:
मग ६४ खुशाल करा. त्या सवडीत गाडी २० सेंटीमीटर पुढे जाईल, आणि माणूस समोर आला तर स्कॅनर वायफायची वाट बघणार नाही. स्टॉप वायफायवरून असता तर मी हा आकडा सेफ्टीचा हिशेब नव्याने मांडल्याशिवाय बदलू दिला नसता.

पीएलसी_सिन्नर:
पासवर्डचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, ताईंचं बरोबर. तरी खरेदी करायचीच असेल तर सीमेन्सचं स्कॅलन्स iPCF सह घ्या, तो विषयच मिटेल.

कमिशनिंग_ताई:
iPCF चांगलं आहे, त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट स्वतः एकेका क्लायंटला पाळीने बोलावतो. पण दोन्ही टोकांना त्यांचंच हार्डवेअर लागतं, आणि त्या रेडिओवर साधे फोन-टॅब्लेट चालत नाहीत. दोन गाड्यांसाठी मी एवढ्यात तिकडे जाणार नाही.

मेंटेनन्स_अंबड:
आठ दिवस झाले. खांब ७ ला एकदाही थांबली नाही, खूप आभार ताई. कोटेशन परत केलं. आता फक्त लोडिंग डॉककडे दोनदा फॉल्ट आला, दोन्ही वेळा संध्याकाळी कंटेनर आत लागलेला असताना. तिथे चौथा अ‍ॅक्सेस पॉइंट लावावा की तिसरा सरकवावा?

सातपूर_वायरमन:
चौथा लावा भाऊ.

कमिशनिंग_ताई:
कंटेनर लागलेला असताना आणि नसताना, दोन्ही वेळचे सिग्नलचे आकडे डॉकपाशी दर पाच मीटरवर घ्या. तिसरा खाली आणून डॉकच्या कोपऱ्यावर लावला तर पुरेल असं वाटतं, पण तो ट्रकच्या छताच्या वर राहतो का ते जागेवर बघावं लागेल. फोटो टाका.