सल्ला पाहिजे: इंटर्न पाहिजेत म्हणून लिंक्डइनवर पोस्ट टाकायचीय, मागच्या टायमाला फजिती झाली

मोंढ्यातला_कोडर (लातूर)
राम राम मंडळी. आमचं तिघांचं छोटं स्टार्टअप आहे, आडत दुकानदारांसाठी पट्टी आणि खातेवहीचं ॲप बनवायलोय. जुलैपासून दोन इंटर्न घ्यायचेत, कारण ऑक्टोबरला सोयाबीनची आवक सुरू झाली की कुणाला काही शिकवायला टाइम भेटत नाही. मागच्या वर्षी अशी पोस्ट टाकली होती:

"आम्ही वेगाने वाढत आहोत! आमच्या टीममध्ये सामील होण्याची सुवर्णसंधी! आवश्यक स्किल्स: रिॲक्ट, नोड, फ्लटर, पायथन, एडब्ल्यूएस, फिग्मा, मशीन लर्निंग, उत्तम संवादकौशल्य. आकर्षक स्टायपेंड. लवकरात लवकर अर्ज करा, शेवटची तारीख १५."

१६० मेसेज आले, त्यात निम्म्याहून जास्त नुसते "इंटरेस्टेड सर" आणि कामाचा एक बी नाही. ह्या वर्षी कशी लिहू ते सांगा. बजेट एका पोराला महिना ९ हजार, त्याच्यावर एक रुपया नाही.

गंगाखेडी
भौ माझा लहान भाऊ बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याचा बायोडाटा कुठं पाठवू? हुशार आहे पोरगा.

मोंढ्यातला_कोडर
दादा अजून पोस्टच लिहिली नाही 😅 टाकली की इथं लिंक देतो.

भरतीवाली_ताई (संभाजीनगर)
अकरा वर्षं भरतीचंच काम करतेय म्हणून जरा लांबलचक लिहिते.

मोबाइलवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं "आणखी"च्या मागं दडतं. तुमच्या त्या ओळीत काय होतं? सुवर्णसंधी. गाव नाही, पैसे नाहीत, तारीख नाही. ज्याला खरंच काम येतं ते पोरगं आणखी दाबत नाही, पुढं सरकतं, आणि जे दिसेल तिथं इंटरेस्टेड लिहितं ते न वाचताच लिहितं. म्हणजे गाळणी उलटी लागली, चाळ घरात आणि दाणे बाहेर.

दुसरं स्किल्सचं. आठ गोष्टी लिहिल्यात, त्या सगळ्या येणारं पोरगं ९ हजारात लातूरला येईल का? मग अर्ज कोण करतं, तर ज्याला आठही अर्ध्या येतात आणि बिनधास्त "येतात" म्हणतो तो. मला सांगा, इंटर्न सोमवारी सकाळी येऊन नेमकं काय करणार?

मोंढ्यातला_कोडर
खरं सांगू का, फ्लटरमधे चार-पाच स्क्रीन दुरुस्त करायच्यात, डेटाबेसमधून दिवसाचा हिशोब काढायच्या क्वेरी लिहायच्यात, आणि आठवड्यातून दोनदा मोंढ्यात जाऊन मुनीमजी ॲप कसं वापरायलेत ते बघायचं. मशीन लर्निंग तर आम्हालाच येत नाही, भारी दिसावं म्हणून टाकलं होतं.

भरतीवाली_ताई
मग हेच लिहा ना! फ्लटरमधे स्वतः केलेलं एखादं छोटं ॲप असावं, एसक्यूएलची साधी क्वेरी लिहिता यावी, हाताने लिहिलेली मराठी पट्टी वाचता यावी. तीन झाले, बाकीचं "आम्ही शिकवू" म्हणून टाका. तिसरं तर पुण्याच्या कितीतरी पोरांना जमणार नाही, तिथं आपली पोरं पुढं.

स्टार्टअपवाला_नांदेड
एक टिप देतो, स्टायपेंडचा आकडा कधीच लिहायचा नाही. "परफॉर्मन्सनुसार ५ ते १५ हजार" लिहायचं, अर्ज जास्त येतात. आणि लिंक पोस्टमधे टाकली की रीच मरतो, कमेंटमधे टाका.

भरतीवाली_ताई
अर्ज जास्त येतात हे बरोबर, पण दादा त्यांना अर्जच तर कमी पाहिजेत. ५ ते १५ लिहिलं की वाचणारा १५च वाचतो, मग तुम्ही ९ सांगितले की पोरगं दुसऱ्या आठवड्यात फोन उचलायचं बंद करतं. सरळ लिहा, महिना ९,००० रुपये, ७ तारखेच्या आत खात्यात, मोंढ्यात जायचं पेट्रोल वेगळं. लिंकचं मी दोन्ही करून पाहिलंय, ठाम सांगता येत नाही. पण कमेंटमधली लिंक शेअर केलेल्या पोस्टबरोबर जात नाही, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट गेला तर लिंक गायबच.

परभणीची_पोरगी
माझं सांगते. मागच्या वर्षी अशाच एका पोस्टवर अर्ज केला, त्यांनी ९९९ रुपये रजिस्ट्रेशन मागितले, मी भरले, मग नुसतं सर्टिफिकेटचं पीडीएफ आलं, काम काहीच नाही. आता कुठलीबी पोस्ट बघितली की पहिली शंका तीच. तुम्ही "कसलीही फी नाही" एवढं लिहा सर, आणि ऑफिस कुठं आहे ते बी.

मोंढ्यातला_कोडर
हे डोक्यातच आलं नव्हतं ताई, टाकतो. आता तारखेचं बोला. १५ जून रात्री १२ ठेवू का?

भरतीवाली_ताई
रात्री १२ नका लिहू, १४ची रात्र की १५ची ह्यावरून दोन दिवस फोन येतात. वार, तारीख, महिना, वेळ चारही लिहा, आणि वेळ संध्याकाळी ६ ठेवा म्हणजे फॉर्म अडकला तर तुम्ही जागे असता. शिवाय लिंक्डइनवर पोस्ट तारखेप्रमाणं दिसत नाही, आठ-दहा दिवसांनी बी कुणाच्या तरी समोर येते, म्हणून मधे निदान दहा-बारा दिवस द्या. मुदत संपली की पोस्ट एडिट करून पहिल्याच ओळीत "अर्ज बंद" लिहा. पण तारीख पोस्टरच्या चित्रात टाकू नका, मजकूर बदलता येतो, एकदा टाकलेलं चित्र बदलता येत नाही.

बीडचा_मास्तर
आणि मिरगाचं बी ध्यानात घ्या. पाऊस झाला की निम्मी पोरं पेरणीला गावाकडं असतात, तिथं कुठं रेंज आणि कुठं लॅपटॉप. १५ नको, २० करा.

मोंढ्यातला_कोडर
मास्तर बरोबर बोललात, मी स्वतः दरसाली तेच करतो की. फॉर्ममधे रिझ्युमे अपलोड ठेवू का?

भरतीवाली_ताई
गूगल फॉर्ममधे फाइल अपलोड ठेवलं की भरणाऱ्याला गूगलमधे लॉगिन करावंच लागतं, नेट कॅफेतून भरणारी पोरं तिथंच थांबतात. फाइल्स तुमच्या ड्राइव्हमधे साचतात ते वेगळं. रिझ्युमेची लिंक मागा. आणि एक छोटा हिशोब ठेवा, तोच "इंटरेस्टेड सर"वाल्यांना गाळेल.

मोंढ्यातला_कोडर
हा कसा वाटतो: सोयाबीन १२ क्विंटल ४० किलो, दर ४,३००, हमाली-तोलाई क्विंटलला १५ रुपये धरून शेतकऱ्याच्या हातात किती? ५३,३२० मधून १८६ गेले, ५३,१३४. जो १२.४० ऐवजी १२.०४ धरेल त्याला पट्टी कळत नाही, आमच्या पहिल्या व्हर्जनमधे हीच चूक झाली होती, एका आडत्यानं दुकानातून हाकललंच होतं 😀

आता पोस्ट बघा:

"लातूरमध्ये आडत दुकानांच्या ॲपसाठी २ इंटर्न पाहिजेत. महिना ९,००० रुपये, ३ महिने. अर्ज शुक्रवार, २० जून २०२५, संध्याकाळी ६ पर्यंत.

काम: फ्लटरमधल्या स्क्रीन, हिशोबाच्या क्वेरी, आठवड्यातून दोनदा मोंढ्यात. सुरुवात १ जुलै, ऑफिस मार्केट यार्डाजवळ, घरून काम नाही.
यायलाच पाहिजे: फ्लटरमधे स्वतः केलेलं एक छोटं ॲप, साधं एसक्यूएल, हाताने लिहिलेली मराठी पट्टी वाचणं. गिट आणि एपीआय आम्ही शिकवू.
स्टायपेंड ७ तारखेच्या आत खात्यात, पेट्रोल वेगळं. कसलीही फी नाही. डिग्री कोणतीही चालेल.
अर्ज फक्त फॉर्मवर, मेसेजमध्ये नको. निवड झालेल्यांना २५ जूनपर्यंत फोन."

खाली फॉर्मची लिंक.

स्टार्टअपवाला_नांदेड
मराठीत टाकली तर चांगली पोरं दुर्लक्ष करतील राव, लिंक्डइन इंग्रजीचं आहे.

भरतीवाली_ताई
ह्यांना पट्टी वाचणारं पोरगं पाहिजे, मराठीच बरी. फार तर खाली दोन ओळी इंग्रजीत द्या, कॉलेजचे प्लेसमेंटवाले सर पुढं पाठवतात.

परभणीची_पोरगी
मुलींना मोंढ्यात एकटं पाठवणार का? घरचे हेच विचारतील.

मोंढ्यातला_कोडर
नाही ताई, आमच्यातला एकजण कायम बरोबर असतो. लिहितो तेबी.

गंगाखेडी
भावाला फ्लटर येत नाही म्हणतो. पट्टी वाचता येते, वडील हमाल होते. चालेल का?