अठरा पूर्ण झाल्यावरचं पालकत्व

> मुलगा मतिमंद आहे, नुकताच १८ चा झाला. बँक म्हणते पालकत्वाचा कागद आणा. आम्ही आई-बापच आहोत की हो! कोर्टात जावं लागणार का?

नाही ताई, तुमच्या बाबतीत कोर्टाची गरज नाही. अठरा पूर्ण झाले की कायद्याने आई-वडिलांचं पालकत्व आपोआप संपतं, म्हणून बँक अडते. बौद्धिक अपंगत्वासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. जिल्हाधिकारी समितीत असतात, म्हणून चौकशी कोल्हापूरच्या नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयातच करा. अपंगत्वाच्या दाखल्यावर प्रकार स्पष्ट लिहिलेला आहे ना, ते आधी बघा.

माझ्या मुलीच्या वेळी आम्ही फक्त माझं नाव घातलं. दोन वर्षांत मला बायपास झाली तेव्हा चूक कळली. मी गेलो तर पालकत्व माझ्याबरोबर संपणार आणि तिच्या भावाला पहिल्यापासून अर्ज करावा लागणार. मृत्युपत्रात त्याचं नाव लिहून भागत नाही, नेमणूक समितीच करते. म्हणून मग त्यालाही समितीपुढे नेलं. त्याची तयारी आहे का, हे मात्र आधी त्यालाच विचारलं.

एक काम लोक विसरतात. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि पुढे दरवर्षी हिशेब. त्याच्या नावावर फक्त पेन्शनचं खातं असलं तरी ते यादीत लिहा. पासबुकाच्या झेरॉक्स वेगळ्या फाईलला लावून ठेवा.