‘कार्पेट’, ‘बिल्टअप’, ‘सुपर’: जाहिरातीत कोणता आकडा कसा लिहावा?

जाहिरातवाला (टिळकवाडी): बेळगावातल्या फ्लॅटच्या मराठी जाहिराती मी लिहून देतो. परवा एका बिल्डरकडून मजकूर आला: ‘२ बीएचके, ९३० फूट, दर ४,४००’. चंदगडच्या एका कुटुंबाने ते वाचून फोन केला. कोल्हापूरपेक्षा दर कमी आहे म्हणून मंडळी खूश होती. ‘९३० कार्पेटच ना?’ असं त्यांनी विचारलं आणि मला ‘नाही, सुपर’ म्हणावं लागलं. आपल्याकडे नुसतं ‘फूट’ म्हटलं की सुपर समजायची सवय आहे, तर पलीकडून येणारा माणूस कार्पेट समजतो. त्यात निम्मे वाचक पलीकडचे. तर हे तीन शब्द मराठीत नेमके कसे लिहावेत?

निपाणीवाला: माझा ३० बाय ४० चा प्लॉट आहे. त्यात कार्पेट किती धरायचा? एजंट म्हणतो १,२०० सुपर.

नकाशेवाली (हिंदवाडी): दादा, मोकळ्या प्लॉटला हे तिन्ही शब्द लागू होत नाहीत. तुमची जागा १,२०० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याहून थोडी जास्त, एवढंच खरं. प्लॉटला ‘सुपर’ म्हणणाऱ्याकडून आधी उतारा आणि मोजणीचा नकाशा मागा.

आता मूळ प्रश्न. तिन्हींपैकी फक्त कार्पेटची व्याख्या २०१६ च्या रेरा कायद्यात आहे. बाहेरच्या भिंती, पाइपांचे शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडून आतली जी जागा उरते ती कार्पेट. आतल्या खोल्यांमधल्या भिंती मात्र त्यात धरतात. बिल्टअप आणि सुपर यांची व्याख्या त्या कायद्यात नाही. कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी मिळवली की बिल्टअप, आणि त्यावर जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा चढवला की सुपर, असा बाजारातला रिवाज आहे. वाटा किती चढवायचा हे ज्याचं त्याचं. म्हणून दोन इमारतींचे सुपर आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

चंदगडकर: तो फोन आमचाच होता. नंतर आम्ही फ्लॅट बघायला आलो. लोडिंग, म्हणजे वर चढवलेला वाटा, ३२ टक्के असं सांगितलं होतं. आम्ही ९३० ला १.३२ ने भागलं तर ७०५ आलं. प्रत्यक्षात टेप लावली तर सगळ्या खोल्या, दोन्ही बाथरूम आणि पॅसेज धरून ६०७ भरले. जवळपास शंभर फुटांची फसवणूक आहे ही!

नकाशेवाली: टेप लावलीत हे फार बरं केलंत. पण या फरकात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. जाहिरातवाले, मंजूर नकाशावरचा कार्पेट किती आहे?

जाहिरातवाला: रेराच्या पानावर ५९ चौरस मीटर आहे, बाल्कनी वेगळी ३.७.

नकाशेवाली: ५९ ला १०.७६४ ने गुणलं की ६३५ चौरस फूट. तुमच्या ६०७ मध्ये आणि यात २८ फुटांचा फरक पडतो. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेप धरली की मधल्या भिंती मोजायच्या राहतात. साडेचार इंची भिंत घरभर मिळून ७५ फूट लांब असेल, तर तिच्याखालीच २८ फूट जातात. पूर्वी आपल्याकडे कार्पेट म्हणजे जिथे सतरंजी पसरता येईल तेवढंच धरायचे, त्या हिशेबात तुमचं ६०७ बरोबर. कायद्याच्या हिशेबात ६३५ बरोबर. यात फसवणूक नाही.

७०५ ची गोष्ट मात्र वेगळी. सुपर ९३०, कार्पेट ६३५, मधले २९५. हे २९५ म्हणजे ९३० चे ३२ टक्के, पण ६३५ चे साडेसेहेचाळीस टक्के. लोडिंगचा टक्का कार्पेटवर सांगायचा असतो असं तुम्ही धरलंत, आणि बहुतेक लोक तसंच धरतात. त्यांनी तो सुपरवर काढून सांगितला. आकडा खोटा नाही, तरी ऐकणाऱ्याच्या डोक्यात ७० फूट जास्त भरले. माझ्या मते जाहिरातीत लोडिंगचा टक्का लिहूच नये.

चंदगडकर: म्हणजे दर किती पडला ओ ताई?

नकाशेवाली: ९३० गुणिले ४,४०० म्हणजे ४०,९२,००० रुपये. त्याला ६३५ ने भागा, कार्पेटवर दर ६,४४४ येतो. कोल्हापुरात तुम्हाला कार्पेटवर जो दर सांगतात त्याच्याशी हा ताडून बघायचा, ४,४०० नाही.

वडगावकर एजंट: ताई म्हणतात ते कागदावर ठीक आहे. पण मी एकट्यानंच ६३५ लिहिलं आणि बाकीच्यांनी ९३० लिहिलं, तर गिऱ्हाईक माझ्या फ्लॅटला बारका म्हणायलंय. पोटाचा प्रश्न आहे की हो. बाल्कनी कार्पेटमध्ये धरून ६७५ लिहिलं तर काय बिघडलं? वापरातलीच जागा आहे ती.

नकाशेवाली: वापरातली आहे, पण कार्पेट नाही. ‘कार्पेट ६३५, शिवाय बाल्कनी ४०’ असं लिहा. गिऱ्हाइकाला बाल्कनीही दिसते आणि करारातल्या आकड्याशी मेळ बसतो. करारात ६३५ आला आणि तुमच्या जाहिरातीत ६७५ असला, तर सही करायच्या दिवशी भांडण तुमच्याच टेबलावर होणार. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याला रेरात भरपाई मागता येते, हेही ध्यानात ठेवा.

वडगावकर एजंट: शिवाय म्हणून लिहितो मग. पण सुपर काढणार नाही, बाजारात सगळं त्यावरच चालतंय.

अनगोळकर: जाहिरातवाल्यांना एक सुचवतो. काही जण ‘चटई क्षेत्र’ लिहितात, ते टाळा. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ हा शब्द एफएसआयसाठी रुळलेला आहे आणि तिथे भिंतींसकट बांधकाम मोजतात. दोन्हीकडे चटई म्हटल्यावर वाचणारा गोंधळतो. कार्पेट हा शब्द आता आपल्या आजीलासुद्धा कळतो.

शहापूरची वाचक: मला उलट वाटतं. शेजारी कंसाशिवाय ‘घराच्या आतली जागा’ एवढं साधं लिहिलं तर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला आधार मिळतो. माझ्या वडिलांच्या १९९० च्या दशकातल्या खरेदीपत्रात नुसतं ‘बिल्टअप’ आहे. आता विकायला काढलं तर कार्पेट काय लिहू?

नकाशेवाली: जुन्या बिल्टअपमधून १५-२० टक्के कापून अंदाज लिहू नका. एखाद्या इंजिनिअरकडून आतून मोजून घ्या आणि ‘प्रत्यक्ष मोजलेला कार्पेट’ असं लिहा. बिल्टअपचा आकडा द्यायचा तर ‘खरेदीपत्राप्रमाणे’ हे शब्द जोडा.

अनगोळकर: आमच्या गल्लीत आठ फ्लॅटची इमारत उठतेय. ती रेरात नाही म्हणे. मग तिचा कार्पेट कुठे बघायचा?

नकाशेवाली: जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल, म्हणजे पाच गुंठ्यांना थोडी कमी, किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. मोठ्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक लागतोच आणि तो rera.karnataka.gov.in वर टाकून क्षेत्रफळ बघता येतं. लहान इमारतीत मंजूर नकाशाची प्रत मागायची आणि टेप लावायची.

जाहिरातवाला: बिल्डरशी बोलून मजकूर असा केलाय: ‘२ बीएचके. रेरा कार्पेट ६३५ चौ. फूट (५९ चौ. मी.), शिवाय बाल्कनी ४०. एकूण किंमत ४०,९२,०००. सामायिक जागेच्या वाट्यासह सुपर ९३०.’ पुढे नोंदणी क्रमांक. दर लिहिलेला नाही. ‘सुपर’ ठळक अक्षरात हवा हा त्यांचा हट्ट कायम आहे, मी कार्पेट ठळक मागतोय.

चंदगडकर: दर पण लिवा की, कार्पेटवरचा.

वडगावकर एजंट: ६,४४४ वाचून कोण फोन करणार?